फोनवर उर्दू टाईप करायला कुठला कीबोर्ड: अरबी, उर्दू की रोमनवाला?

तिन्हींत छुपा घोळ होतो तो 'ये' आणि हमझावर. अरबी कीबोर्डवर ٹ, ڈ, ڑ सारखी उर्दूची खास अक्षरं सहसा नसतातच, पण ते लगेच लक्षात येतं.

आधी अरबी कीबोर्ड, जो बऱ्याच जणांच्या फोनवर आधीच असतो म्हणून वापरला जातो. त्यातली ये (ي) म्हणजे उर्दूची छोटी ये (ی) नाहीच, युनिकोडमध्ये दोघींचे नंबर वेगळे आहेत. घोळ असा की शब्दाच्या सुरुवातीला आणि मधे दोन्ही सेम दिसतात, खाली दोन ठिपके, त्यामुळे کیا मध्ये डोळ्यांना काही कळतच नाही. शेवटी आली की मात्र पकडली जाते, کی ला ठिपके नाहीत आणि کي ला आहेत. काही ॲप सर्चमध्ये दोन्ही एकच धरतात, काही नाही धरत, मग समोर दिसणारा शब्द सापडतच नाही.

उर्दू कीबोर्डवर ही भानगड मिटते, पण हमझा उरतोच. गई लिहायला گئی हवं, म्हणजे ئ हे एकच अक्षर. नवखा माणूस सुटा ء दाबतो, तो पुढच्या अक्षराला जोडत नाही, शब्द گءی असा तुटतो, हे निदान दिसतं तरी. खरी चोरी पुढची आहे, काही कीबोर्डवर वर बसणारा हमझा वेगळा मिळतो आणि लोक तो छोटी येवर चढवतात, काही फॉन्टमध्ये ते हुबेहूब ئ सारखं दिसतं पण आत:

```
ئ    = U+0626
ي + ٔ = U+064A U+0654
ی + ٔ = U+06CC U+0654
```

युनिकोडच्या नियमाने पहिल्या दोन ओळी एकच मानल्या जातात, तिसरी नाही. म्हणजे उर्दूची स्वतःचीच ये वापरून केलेलं जोडकाम जुळत नाही, आहे ना गंमत!

मोठी ये (ے) फक्त शेवटी येते, पुढे अक्षर जोडलं की तिची जागा छोटी घेते. म्हणून بے کار वेगळं लिहिलं तर मोठी, بیکار एकत्र लिहिलं तर छोटी, आणि दोन्ही चालतात.

'लिये' बघा: لئے, لیے, لیئے, तिन्ही सर्रास दिसतात. हा दोष कीबोर्डचा नाही, लिहिण्याच्या सवयीचा आहे. आधीच्या अक्षराला इकार असेल तर ये (لیے, کیے, چاہیے) आणि अकार असेल तर हमझा (گئے, نئے), हा नियम मला सगळ्यात सुटसुटीत वाटतो. لیئے मधे तर ये आणि हमझा दोन्ही घुसवलेत, ते टाळाच.

रोमनवाल्यात liye टाईप केलं की सजेशन येतं, अक्षरं सहसा उर्दूचीच असतात, पण لئے येणार की لیے ते त्याच्या शब्दकोशावर, आणि घाईत आपण पहिलं येईल ते दाबतो. दोन ओळींचा मेसेज असेल तर चालेल. गझला टाईप करून साठवायच्या असतील, नंतर शोधायच्या असतील, तर सरळ उर्दू कीबोर्ड घ्या आणि ئ चं बटण आधी शोधून ठेवा, बरेचदा ते ی किंवा ء वर लाँग प्रेस केल्यावर मिळतं.