जुन्या पाटल्या मोडताना ‘तोळ्याला तोळा’ कबूल करू नका

आमच्या काकूंनी लेकीच्या लग्नासाठी सासूच्या पाटल्या मोडल्या. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, लगनसराईची गर्दी. सराफ म्हणाला, “काकू, तोयाले तोया घ्या. जुने दोन तोये द्या, नवे दोन तोये न्या. मजुरी तेवढी लागते.” काकूंना व्यवहार सरळ वाटला. इथंच त्यांचं तीन ग्रॅमहून जास्त सोनं गेलं.

जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज दुकानात तोळा म्हणतात तो सरळ १० ग्रॅमचा, आणि फलकावरचा भावही १० ग्रॅमचाच असतो. सासूबाईंच्या काळच्या दोन तोळ्यांचे २३.३३ ग्रॅम होतात, नव्या दोन तोळ्यांचे २०. सराफानं घेताना जुना तोळा धरला, देताना नवा. दोन्हीकडे शब्द एकच, म्हणून कुणाला शंका आली नाही.

पुरावा घरातच होता. मागं पेरणीच्या वेळी याच पाटल्या बँकेत तारण ठेवल्या होत्या. त्या पावतीवर वजन २३.३० ग्रॅम आणि सोनं २२ कॅरेट असं लिहिलेलं. सराफाच्या कच्च्या चिठ्ठीवर मात्र ग्रॅमचा आकडाच नाही, नुसतं ‘जुने २ तोळे’. त्या दिवशी २२ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला ९०,००० होता, म्हणजे ग्रॅमला ९,०००. गेलेल्या ३.३० ग्रॅमचे २९,७०० रुपये झाले. मजुरी वेगळीच घेतली.

पावती घेऊन आम्ही गेलो, तर म्हणाला, “जुनं सोनं हलकं निघते.” निघू शकतं, हे खरं आहे. पण मग मशीनवर शुद्धता दाखवायला हवी. समजा ९१६ ऐवजी ८७५ आली असती, तरी २२ कॅरेटच्या हिशेबानं सुमारे २२.२५ ग्रॅम होतात, २० नाही. त्यानं शुद्धता तपासलीच नव्हती, आणि पाटल्या तोवर आटवून झाल्या होत्या. मला याचा फार राग आहे, कारण माल आटला की ग्राहकाच्या हातात काहीच उरत नाही.

म्हणून जुना दागिना हातातून सोडण्याआधी तो तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला लावा, आणि वजन ग्रॅममध्ये, शुद्धतेसकट लिहून घ्या. लाख किंवा खडे असतील तर ते वजा करून निव्वळ वजन किती, तेही लिहायला सांगा.

नवं घेतानाही याच शब्दाची उलटी चाल होऊ शकते. याच भावानं जुन्या तोळ्याचे जवळजवळ १,०५,००० होतात. कुणी तेवढा ‘तोळ्याचा भाव’ सांगितला, तर काट्यावर ११.६६ दिसले पाहिजेत. १० दिसले तर ९०,०००च द्या.

काकूंची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवली आहे, बँकेची पावती जोडून.