सेल्सफोर्सचा पहिला आठवडा: ट्रेलहेड की हेल्पची पानं?

इंटर्न म्हणून रुजू झालात, समोर सेल्सफोर्स हे ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सीआरएम, आहे आणि शेजारी बसून शिकवायला कुणाला सवड नाही. अशा वेळी वाटा दोन: ट्रेलहेड या सेल्सफोर्सच्या ऑनलाइन शिकवणीचे धडे करायचे, नाहीतर थेट हेल्पची पानं वाचायची. दोन्ही फुकट आहेत आणि मी दोन्ही वापरली आहेत.

सुरुवातीला ट्रेलहेड सोपं जातं, यात वाद नाही. लीड म्हणजे अजून पारखून न घेतलेली चौकशी. ती पक्की वाटली की कन्व्हर्ट करायची. मग तिच्यातून अकाउंट म्हणजे कंपनीची नोंद, कॉन्टॅक्ट म्हणजे तिथल्या माणसाची नोंद आणि हवी असेल तर ऑपॉर्च्युनिटी म्हणजे होऊ घातलेल्या व्यवहाराची नोंद तयार होते. ही साखळी तिथे छान उलगडून सांगतात. हेल्पमध्ये ती तुम्हाला माहीत आहे असंच धरून चालतात, त्यामुळे पहिल्या दिवशी ती पानं रूक्ष वाटतात.

पण ट्रेलहेडचा सराव प्लेग्राउंडमध्ये, म्हणजे सरावापुरत्या वेगळ्या सेल्सफोर्समध्ये, होतो आणि तिथे तुम्ही ॲडमिन असता. ऑफिसात तुम्ही इंटर्न. माझं घोडं इथेच अडलं. धड्यात लीड सहज कन्व्हर्ट झाली. ऑफिसच्या लीडवर मात्र Convert हे बटणच दिसेना. धडा पुन्हा बघून उपयोग नव्हता, कारण प्लेग्राउंडमध्ये ते बटण असतंच.

उत्तर मिळालं हेल्पच्या पानावर, User Permissions Needed या चौकटीत. लीड, अकाउंट, कॉन्टॅक्ट आणि ऑपॉर्च्युनिटी तयार करण्याची व बदलण्याची मुभा तर लागतेच, शिवाय Convert Leads ही वेगळी परवानगी लागते. मग ॲडमिन मॅडमना ‘बटण दिसत नाही’ असं मोघम सांगण्याऐवजी नेमकी ती परवानगी मागता आली आणि काम लगेच झालं. परवानगी असूनही बटण दिसत नसेल, तर पेज लेआउट, म्हणजे पानावर कोणती बटणं आणि फील्ड दिसावीत याची मांडणी, तपासायला सांगावं.

याच विषयाच्या पानांवर आणखी एक मोलाची गोष्ट आहे. कंपनीने लीडवर स्वतःची फील्ड घातली असतील आणि ती Map Lead Fields मध्ये जोडलेली नसतील, तर त्यांतली माहिती कन्व्हर्ट करताना पुढे जात नाही. शिवाय कन्व्हर्ट झालेल्या रेकॉर्डची पुन्हा लीड करता येत नाही. म्हणून सँडबॉक्स, म्हणजे ऑफिसच्या सेल्सफोर्सची चाचणीसाठीची प्रत, मिळत असेल तर तिथे एक खोटी लीड करा, सगळी फील्ड भरा, कन्व्हर्ट करा आणि काय गळलं ते अकाउंट, कॉन्टॅक्ट आणि ऑपॉर्च्युनिटी तिन्हींवर बघा.

ज्यांनी कुठलंच सीआरएम पाहिलेलं नाही, त्यांना ट्रेलहेड जास्त मानवेल, हे मान्य. तरी माझ्या मते त्याला दोनेक दिवस पुरे. त्यानंतर ऑफिसात जे काम हातात येईल त्याचं हेल्पचं पान उघडावं आणि पायऱ्या वाचण्याआधी ती परवानग्यांची चौकट वाचावी.