लहान हात आणि बारीक पट्ट्या: आठ महिन्यांनंतर

नौपाड्यातल्या पियानोच्या क्लासला जायला लागून चार वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात बेथोवेनच्या ‘पॅथेटिक’ सोनाटाचा पहिला भाग हाती घेतला आणि डाव्या हाताशी अडले. तिथे सी आणि वरचा सी हे सप्तक करंगळी-अंगठ्याने आलटून पालटून बराच वेळ वाजत राहतं. दहा-बारा बार झाले की अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत ठणका लागायचा.

मग मोजपट्टी घेतली. हात पूर्ण ताणला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत १८.५ सेंमी भरतात. नेहमीच्या पियानोवर सप्तकाच्या दोन टोकांच्या पट्ट्यांच्या मध्यांतलं अंतर साधारण १६.५ सेंमी. म्हणजे हात जवळजवळ ९० टक्के ताणलेला, आणि वर वेगही हवा. अमेरिकेत डीएस ५.५ नावाच्या मापाच्या पट्ट्या पियानोत बसवून मिळतात. त्यात सप्तक १४ सेंमीच्या आसपास येतं. ते घेणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून जवळपास त्याच मापाचा, बारीक पट्ट्यांचा जुना कीबोर्ड घेतला.

त्यावर सप्तक म्हणजे नेहमीच्या पियानोवरचं सी ते बी एवढंच अंतर. पहिल्याच आठवड्यात तोच तुकडा न दुखता वाजला, पण मला उपयोग झाला तो वेगळाच. अंतर कमी झाल्यावर कळलं, की प्रत्येक स्वरानंतर माझा पंजा उघडाच राहतो. अंगठा वाजत असताना करंगळीही पुढच्या पट्टीवर ताणून धरलेली. आता अंगठा वाजला की करंगळी सैल सोडते, हात किंचित मिटतो, आणि पुढचा स्वर कोपरापासूनचा हात किल्लीसारखा फिरवून येतो. चार स्वर वाजवून थांबायचं आणि हात मांडीवर टाकायचा. बोटं लगेच जवळ आली तर ठीक. ती ताठ राहिली तर वेग कमी करायचा.

बोटांची निवडही बदलली. सप्तकांच्या ओळीत काळ्या पट्टीवर अनामिका घ्यावी, असं शिकवतात. मोठ्या हातासाठी ते बरोबर आहे. माझं अंगठा-अनामिका अंतर तेवढं नाही, तिथे मनगट करंगळीकडे वाकडं व्हायचं. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “मग सगळीकडे करंगळीच घे, जोड पेडलने सांभाळ.” आता तसंच करते.

कीबोर्डची मर्यादाही मोठी आहे. पट्ट्यांना वजन नाही, त्यामुळे स्वराचा जोर त्यावर शिकता येत नाही. लगेच पियानोवर बसलं तर पहिली काही मिनिटं उड्या आखूड पडतात. म्हणून मी आधी पियानो वाजवते, आणि दुखणारी जागा तपासायलाच कीबोर्ड काढते.

थांबल्यावरही दुखत राहिलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर मात्र सराव बंद करून डॉक्टरांना दाखवा. मी तीन आठवडे अंगावर काढलं, ते चुकलं.

सध्या तो तुकडा मूळ वेगाच्या तीन चतुर्थांशावर सलग वाजतो, न ठणकता.