कॉफीच्या पाकिटावरील उंची, वाण, लॉट आणि प्रक्रिया: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी नागपुरात चिकमगळूरच्या मळ्यांतील कॉफी मागवून घरी फिल्टर पेपरवर गाळून पीत आहे. पाकिटावरील माहितीवरून चवीचा कितपत अंदाज येतो, हे या काळात पडताळून पाहिले. पाकिटावर सहसा मळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सर्वांत ठळक छापलेली असते. माझ्या मते मात्र चवीविषयी सर्वांत खात्रीने बोलते ती प्रक्रियेची ओळ.

हे स्पष्ट झाले ते एकाच मळ्याच्या दोन पाकिटांमुळे. दोन्हींवर एस. ७९५ हे वाण, १२०० मीटर उंची आणि मध्यम भाजणी होती. एक वॉश्ड होते, दुसरे नॅचरल. वॉश्ड प्रक्रियेत फळाची साल व गर काढून बियांवरचा चिकट थर आंबवून धुतला जातो आणि मग बिया वाळवतात, तर नॅचरलमध्ये अख्खे फळच वाळवतात, त्यामुळे बी कित्येक दिवस आंबणाऱ्या गराच्या सहवासात राहते. १५ ग्रॅम कॉफी आणि २४० मिलिलिटर पाणी हेच प्रमाण दोन्हींना ठेवले. वॉश्डच्या कपात मोसंबीसारखा स्वच्छ आंबटपणा आणि मागाहून गुळाची गोडी होती; नॅचरलमध्ये आंबटपणा दबलेला, पोत जड आणि वास पिकलेल्या फणसाच्या जवळ जाणारा होता. कप कोमट झाल्यावर हा फरक आणखी वाढला. नॅचरल घेणाऱ्याने कप कोमट करून अवश्य पाहावा, कारण वाळवताना फळे जास्त आंबली असतील तर व्हिनेगर किंवा दारूसारखा वास गरम कपापेक्षा त्या वेळी अधिक स्पष्टपणे येतो.

उंचीमागचे कारण खरे आहे. थंड हवेत फळ सावकाश पिकते, बी घट्ट होते आणि तिच्यातील आंबटगोड चव वाढते. परंतु थंडावा केवळ मीटरवर ठरत नाही. आंध्र प्रदेशातील अराकू विषुववृत्तापासून चिकमगळूरपेक्षा बरेच उत्तरेला असल्यामुळे दोन्हीकडील सारख्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. शिवाय ‘१००० ते १४०० मीटर’ असे छापलेले असेल, तर तो बहुधा संपूर्ण मळ्याचा विस्तार असतो. पाकिटातील बिया त्यातल्या कोणत्या भागातल्या, हे त्यातून कळत नाही.

नागपूरकरांसाठी येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. आमच्या घरचे बोअरचे पाणी जड आहे आणि त्यातील बायकार्बोनेट कॉफीतील आम्लाला मारते. त्या पाण्यात उंचावरची वॉश्ड कॉफी सपाट, जवळजवळ खडूसारखी लागली. तीन भाग आरओचे आणि एक भाग बोअरचे पाणी घेतल्यावर त्याच पाकिटातला मोसंबीचा आंबटपणा परत आला. केवळ आरओच्या पाण्यात चव तीक्ष्ण पण पोकळ लागते, म्हणून मी हे मिश्रणच कायम ठेवले आहे.

वाणाच्या ओळीकडून आपल्याकडे फार सूक्ष्म अपेक्षा ठेवू नये. एस. ७९५ असो की २००७ साली प्रसारित झालेले चंद्रगिरी, भारतातील अशा वाणांच्या निवडीत तांबेरा रोगाला तोंड देण्याची क्षमता हा मोठा विचार होता, आणि तो योग्यच होता, कारण तांबेऱ्याने झाड ओकेबोके झाले तर चवीचा प्रश्नच उरत नाही. एस. ७९५ मला समतोल आणि गुळाकडे झुकणारे वाटते. सिलेक्शन ९ मध्ये इथिओपियाच्या ताफारिकेला वाणाचा अंश आहे, आणि त्याच्या वॉश्ड पाकिटात मला थोडा फुलांचा वास मिळाला.

उरलेल्या तीन ओळींवर किती विश्वास ठेवायचा, हे लॉटची ओळ ठरवते. पाकिटावरचा क्रमांक पुष्कळदा भाजणाऱ्याचा बॅच क्रमांक असतो. खऱ्या लॉटमध्ये ठरावीक भागातून, ठरावीक काळात तोडलेली आणि एकत्र वाळवलेली फळे असतात. ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे वेगवेगळ्या भाजणी तारखांची दोन पाकिटे शेजारी ठेवावीत. क्रमांक प्रत्येक तारखेला बदलत असेल तर तो भाजणीचा आहे. तारीख बदलूनही तोच राहत असेल, सोबत मळ्यातील भागाचे नाव आणि तोडणीचा महिना असेल, तर तो मळ्याचा लॉट असण्याची शक्यता बरीच जास्त. तोडणीच्या महिन्याचा आणखी एक उपयोग आहे. दक्षिणेत अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होते; त्यामुळे दिवाळीला घेतलेले पाकीट ताजे भाजलेले असले तरी आतील बिया बहुधा मागील हंगामाच्या असतात, आणि बऱ्याच जुन्या झाल्या असतील तर आंबटपणा मंदावून चवीत पुठ्ठ्यासारखा कोरडेपणा उतरतो.

हे सारे हलक्या ते मध्यम भाजणीपुरतेच लागू आहे. बियांवर तेल चमकत असेल इतकी गडद भाजणी असल्यास कपात मुख्यतः भाजणीचीच चव येते, आणि अशा पाकिटासाठी लॉट किंवा उंचीच्या नावाने जास्त पैसे मोजण्याची शिफारस मी करणार नाही.