फायनान्स लीज की ऑपरेटिंग लीज? डिचोलीतल्या एका काजू कारखान्याचा हिशोब

काजूगर रंगानुसार वेगळे करणारे यंत्र, म्हणजे कलर सॉर्टर, घ्यायचे आहे. रोख किंमत 30.33 लाख रुपये. कंपनी गोव्यातल्या डिचोली औद्योगिक वसाहतीतली, घरच्याच माणसांनी चालवलेली प्रायव्हेट लिमिटेड. बँकेकडून आधीच कर्ज घेतलेले असल्यामुळे यंत्रासाठी आणखी टर्म लोन काढायची इच्छा नाही, म्हणून लीजचे, म्हणजे यंत्र भाड्याने घेण्याचे, दोन प्रस्ताव टेबलावर आलेत. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडे मी सोपे करून घेतलेत. पण फोंडा, म्हापसा, डिचोली भागातल्या छोट्या उद्योगांसमोर नेमकी हीच निवड येते, आणि बहुतेक जण फक्त हप्ता बघून सही करतात.

पहिला प्रस्ताव पाच वर्षांचा आहे. दर वर्षाच्या शेवटी 8 लाख भाडे आणि मध्येच सोडता येणार नाही. पाच वर्षांनंतर आणखी पाच वर्षे वर्षाला फक्त 1,000 रुपये भाड्यावर यंत्र वापरता येईल. दुरुस्ती आणि विमा आपला. दुसरा प्रस्ताव तीन वर्षांचा. दर वर्षाच्या शेवटी 7 लाख, देखभाल लीज देणाऱ्याची, आणि मुदत संपली की यंत्र परत.

दोन्ही करारांच्या पहिल्या पानावर ‘लीज’ एवढेच लिहिलेले असते. कधी ‘ऑपरेटिंग लीज’ असे ठळक छापलेलेही असते. त्या छापील नावाला हिशोबात काडीचीही किंमत नाही. आपल्यासारख्या कंपनीला लागू होणारे लेखा मानक एएस 19 एकच प्रश्न विचारते: मालकीबरोबर येणारी जोखीम आणि फायदा जवळजवळ पूर्णपणे भाडेकरूकडे गेला का? गेला असेल तर फायनान्स लीज, नसेल तर ऑपरेटिंग. कागदोपत्री मालक कोण, याला इथे महत्त्व नाही.

हे ओळखण्याच्या खुणा मानकातच दिल्या आहेत. शेवटी मालकी आपल्याकडे येते का, नाममात्र किमतीत विकत घेण्याचा हक्क आहे का, मुदत यंत्राच्या आयुष्याचा मोठा भाग व्यापते का, पुढच्या भाड्यांचे व्याज वजा करून काढलेले आजचे मूल्य यंत्राच्या किमतीइतके भरते का, आणि यंत्र इतके खास आहे का की दुसऱ्याला उपयोगच नाही. अमेरिकेच्या जुन्या नियमांत 75 आणि 90 टक्क्यांच्या रेषा होत्या. एएस 19 मध्ये अशी रेषा नाही, निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो.

पहिला प्रस्ताव तपासू. व्याजाचा दर 10 टक्के धरला तर 8 लाखांच्या पाच हप्त्यांचे आजचे मूल्य 30.33 लाख होते, म्हणजे यंत्राची पूर्ण किंमत. पुढची पाच वर्षे जवळजवळ फुकट असल्यामुळे आपण ती सोडणार नाही हे आजच दिसते. तेव्हा ती वर्षेही लीजच्या मुदतीत धरायची आणि एकूण मुदत दहा वर्षांची होते. ही स्पष्ट फायनान्स लीज आहे. दुसऱ्या प्रस्तावात तीन हप्त्यांचे आजचे मूल्य 17.41 लाख, म्हणजे किमतीच्या 57 टक्के. देखभालीचा भाग बाजूला काढला तर आणखी कमी. यंत्राची बरीच वर्षे शिल्लक असताना ते परत जाते, आणि नंतर त्याला काय भाव येईल ही चिंता लीज देणाऱ्याची. ही ऑपरेटिंग लीज.

आता वहीत काय दिसते ते पाहू. फायनान्स लीज सुरू होते त्या दिवशी यंत्र खाते नावे 30.33 लाख आणि लीज देणे खाते जमा 30.33 लाख. यंत्र आपले नसूनही आपल्या ताळेबंदात येते, आणि समोर तेवढेच देणे उभे राहते. पुढच्या वर्षात फेडायचा भाग चालू देण्यांत जातो, उरलेला दीर्घ मुदतीच्या कर्जांत. वर्षअखेरीस 8 लाख भरले की त्याचे दोन तुकडे होतात. पहिल्या वर्षी 3.03 लाख व्याज आणि 4.97 लाख मुद्दल. शिवाय यंत्रावर घसारा, दहा वर्षांत समान वाटला तर दरवर्षी 3.03 लाख. ऑपरेटिंग लीजमध्ये यातले काहीच नाही. भाडे खाते नावे 7 लाख, बस.

पहिली तीन वर्षे शेजारी ठेवली की असे दिसते (लाख रुपये):

| वर्ष | फायनान्स: व्याज + घसारा | फायनान्स: वर्षअखेर देणे | ऑपरेटिंग: भाडे | ऑपरेटिंग: देणे |
|---|---|---|---|---|
| 1 | 3.03 + 3.03 = 6.06 | 25.36 | 7.00 | 0 |
| 2 | 2.54 + 3.03 = 5.57 | 19.90 | 7.00 | 0 |
| 3 | 1.99 + 3.03 = 5.02 | 13.89 | 7.00 | 0 |

फायनान्स लीजमध्ये खर्च सुरुवातीला जास्त आणि नंतर कमी होत जातो, कारण व्याज उरलेल्या देण्यावर लागते. पण खिशातून दरवर्षी 8 लाखच जातात. नफा-तोटा पत्रकात 6.06 दिसले म्हणून रोकड तेवढीच लागेल असे समजणे ही या निवडीतली सगळ्यात महाग चूक ठरते.

ऑपरेटिंगमध्ये एक बारकावा आहे. भाडे 6, 7, 8 लाख असे चढते ठेवले, तरी साधारणपणे वहीत दरवर्षी 7 लाखच खर्च दाखवायचा. पहिल्या वर्षी भरलेले 6 आणि दाखवलेले 7 यांच्यातला 1 लाख देणे म्हणून उभा राहतो आणि तिसऱ्या वर्षी मिटतो. सुरुवातीला भाडे कमी ठेवून नफा फुगवायचा मार्ग त्यामुळे बंद होतो.

आता बँकेकडे वळू, कारण खरी अडचण तिथे येते. समजा कंपनीचे निव्वळ मूल्य 60 लाख आणि सर्व बाहेरची देणी 120 लाख आहेत. देणी भागिले निव्वळ मूल्य, बँक ज्याला टीओएल-टीएनडब्ल्यू म्हणते ते गुणोत्तर, 2.00 झाले. कर्जाच्या मंजुरीपत्रात 2.50 ची मर्यादा लिहिलेली आहे. गोव्यात काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे, त्यामुळे यंत्र मार्चमध्येच बसवायची घाई असते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फायनान्स लीज सुरू झाली, तर 31 मार्चच्या ताळेबंदात जवळजवळ पूर्ण 30.33 लाख देणे दिसते. 150.33 भागिले 60, म्हणजे 2.51. एक हप्ताही न भरता मर्यादा ओलांडली. तोच करार 1 एप्रिलला सुरू केला आणि बाकी सारे तसेच राहिले, तर पुढच्या मार्चअखेर पहिला हप्ता गेलेला असतो आणि गुणोत्तर 2.42 दिसते. ऑपरेटिंग लीज घेतली तर ते 2.00 वरच राहते. म्हणून मार्चमध्ये फायनान्स लीज घ्यायचीच असेल तर सहीच्या आधी बँकेकडून लेखी संमती घ्या. नंतर समजावत बसण्यापेक्षा ते फार सोपे जाते.

उलट बाजूही आहे. व्याज आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा यंत्राशिवाय 25 लाख असेल, तर फायनान्स लीजमध्ये देखभाल सोडून तो 25 लाखच राहतो. ऑपरेटिंगमध्ये भाडे आधीच वजा झाल्यामुळे 18 लाख दिसतो. ताळेबंद हलका ठेवला की नफ्याचा हा आकडा पडतो. तुमची बँक दोन्हींपैकी कशावर बोट ठेवते, ते मंजुरीपत्रात वाचा.

कराचे गणित आणखी वेगळे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 2001 च्या परिपत्रक क्रमांक 2 नुसार, भाडेकरूने एएस 19 प्रमाणे यंत्र वहीत घेतले म्हणून कराचा घसारा त्याला मिळत नाही. तो मालकाला, म्हणजे लीज देणाऱ्याला मिळतो. आपण भाड्याची पूर्ण वजावट मागायची. पहिल्या वर्षी करात 8 लाख आणि वहीत 6.06 लाख. या 1.94 लाखांच्या फरकावर 25.17 टक्के दराने सुमारे 49 हजारांचे स्थगित कर देणे, म्हणजे पुढच्या वर्षांत भरावा लागणारा कर, दाखवावे लागते. पाच वर्षांनंतर यंत्र विकत घेण्याचे कलम करारात घातले, तर मात्र तो हायर पर्चेस, म्हणजे हप्त्यांनी केलेली खरेदी, समजला जाऊन हे गणित उलटू शकते. लीज देणाऱ्या कंपन्या विक्रीऐवजी नाममात्र भाड्याची दुसरी मुदत देतात, त्यामागे हे एक मोठे कारण असते. सही करण्यापूर्वी हे कलम आपल्या सीएला दाखवाच.

वही तपासताना मी पहिल्यांदा भाडे खाते उघडतो. फायनान्स लीज असून तिथे सरळ 8 लाख दिसले आणि व्याज खात्यात काहीच नसले, तर टॅलीत वर्षभर हप्ता जसाच्या तसा टाकला गेलाय हे कळते. दुसरी खूण यंत्राच्या रकमेत सापडते. हप्त्यावरच्या जीएसटीची जमा मिळणार असताना तो करही यंत्राच्या किमतीत मिसळलेला असतो आणि घसारा कायमचा चुकत राहतो. औद्योगिक वसाहतीतला प्लॉट भाडेपट्ट्याने घेतलेला असला तर त्याला ही मोजपट्टी लावू नका. जमिनीचे भाडेपट्टे एएस 19 च्या बाहेर आहेत.

माझे स्वतःचे मत असे: पुढची आठ-दहा वर्षे तेवढा कच्चा काजू मिळण्याची खात्री असेल तर पहिला प्रस्ताव घ्यावा. 40 लाखांत दहा वर्षे यंत्र वापरायला मिळते, तर दुसऱ्यात 21 लाखांत तीनच. कच्च्या मालाची शाश्वती नसेल किंवा नव्या कॅमेऱ्याचे यंत्र लवकरच हवे होणार असेल, तर वर्षाला जास्त पडले तरी ऑपरेटिंग बरी, कारण जुने यंत्र गळ्यात राहत नाही. केवळ ताळेबंदात देणे दिसू नये म्हणून ऑपरेटिंग निवडणे मला पटत नाही. छोट्या कंपनीला पुढच्या भाड्यांचा तपशील टिपणीत देण्याची सूट असली, तरी अनुभवी बँक अधिकारी करार मागतो आणि न सोडता येणारे 21 लाख स्वतःच बेरजेत धरतो.

हा सगळा फरक एएस 19 लागू असेपर्यंतच. शेअर बाजारात नोंदलेल्या (एसएमई मंच सोडून) किंवा 250 कोटी वा त्याहून अधिक निव्वळ मूल्याच्या कंपन्यांना, आणि त्यांच्या उपकंपन्यांनाही, इंड एएस 116 हे वेगळे लेखा मानक लागू होते. 1 एप्रिल 2019 पासून तिथे भाडेकरूसाठी हा भेदच उरलेला नाही. उद्या एखाद्या मोठ्या खाद्य कंपनीने डिचोलीच्या या कारखान्याचा बहुसंख्य हिस्सा घेतला, तर दुसऱ्या प्रस्तावातले 17.41 लाखही, देखभालीचा वाटा वगळून, वापरहक्काची मालमत्ता आणि लीज देणे म्हणून ताळेबंदात येतील. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या आणि कमी किमतीच्या वस्तूंच्या लीजपुरती सूट आहे. लीज देणाऱ्याच्या वहीत मात्र फायनान्स आणि ऑपरेटिंग हा भेद तिथेही तसाच राहतो.