टाकी बसवून पावसाळा गेला, आता लिहितो: फ्लोट, ओव्हरफ्लो आणि भोकांच्या पातळ्या

गुहागरला घराच्या मागच्या स्लॅबवर हजार लिटरची टाकी बसवली त्याला आता बरेच महिने झाले, मध्ये अख्खा पावसाळा गेला, म्हणून अनुभव लिहितोय. कंपनीबद्दल नाही लिहीत, टाक्या सगळ्या सारख्याच, खरा फरक पडतो भोकं कुठे पाडली त्याने.

आमच्याकडे पाणी दोन ठिकाणाहून येतं, ग्रामपंचायतीचा नळ आणि विहिरीवरची मोटर. प्लंबर म्हणाला एकच इनलेट ठेवू, दोन्ही लाईन जोडू आणि पुढे एक फ्लोट वॉल्व्ह लावू. मी नको म्हटलं. नळाचं प्रेशर कमी असतं, तिथे फ्लोट बंद झाला तर पाणी गुपचूप थांबतं. पण मोटर चालू असताना टाकी भरून फ्लोट बंद झाला तर मोटर तशीच ढकलत राहते, पाणी पंपातल्या पंपात घुसळून गरम होतं आणि पाईपचा जो जॉइंट कच्चा असेल तो उघडतो. म्हणून दोन इनलेट वेगळे ठेवले, नळाच्या लाईनला फ्लोट आणि मोटरची लाईन सरळ टाकीत मोकळी.

आता मोटर मोकळी म्हणजे ओव्हरफ्लो भक्कम पायजे. मोटरची लाईन एक इंची आहे, ओव्हरफ्लो दोन इंची घेतला. कारण मोटरचं पाणी जोरात येतं आणि ओव्हरफ्लोचं नुसत्या उतारावर जातं, दोन्ही एकाच मापाचे ठेवले तर पाणी आत चढतं आणि झाकणातून स्लॅबवर येतं. ह्या लाईनवर कुठेही कॉक नाही. बसवल्यावर टाकी पूर्ण भरू दिली आणि मोटर तशीच चालू ठेवून झाकण उघडून बघत उभा राहिलो, पाणी ओव्हरफ्लोच्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंतसुद्धा आलं नाही. ही टेस्ट प्लंबर जायच्या आधीच करा.

पातळ्या अशा आहेत. सगळ्यात वर दोन्ही इनलेट, त्यांच्या तोंडापासून ओव्हरफ्लोच्या भोकाची वरची कड दोन इंच खाली. हे अंतर महत्त्वाचं, कारण इनलेटचं तोंड पाण्यात बुडलेलं असेल आणि नळाचं पाणी गेलं तर टाकीतलं पाणी उलटं पाईपमध्ये ओढलं जाऊ शकतं. फ्लोटचा गोळा दांडीवर असा खाली घेतलाय की ओव्हरफ्लोच्या खालच्या कडेच्या दोन इंच खालीच नळ बंद होतो. म्हणजे ओव्हरफ्लोतून पाणी आलं तर एकतर मोटर चालू राहिलीय नाहीतर फ्लोट बिघडलाय, तिसरं कारण नाही.

ह्याचा उपयोग जुलैत झाला. मोटर बंद, पाऊसही उघडलेला, तरी ओव्हरफ्लोच्या तोंडातून थेंब थेंब पाणी. वर जाऊन गोळा हाताने उचलून धरला, तरी गळती चालूच. गोळा उचलल्यावर थांबलं असतं तर दांडीची पातळी चुकलीय असं समजायचं, थांबलं नाही म्हणजे वॉशर बसत नाही. फ्लोट खोलला तर वॉशरखाली मोहरीएवढा लाल खडा, जांभ्याचा, पावसात नळाच्या पाण्यातून आलेला. काढला, वॉशर पुसून बसवला, गळती बंद. ओव्हरफ्लोचं तोंड आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असं मागच्या माडाच्या आळ्यावर सोडलंय, म्हणून हे लगेच कळलं. पन्हळीत सोडलं असतं तर पावसात कोणाला दिसलं असतं? तोंडाला बारीक जाळी आहे डासांसाठी, पण ती अधूनमधून काढून धुवावी लागते, शेवाळ आणि पाला अडकला की दोन इंची पाईपचा काही उपयोग राहत नाही.

आउटलेट इनलेटच्या समोरच्या बाजूला घेतलाय, म्हणजे एका कोपऱ्यातलं पाणी शिळं राहत नाही, आणि तळापासून तीन इंच वर. त्यामुळे साधारण सत्तर लिटर पाणी खालीच राहतं, घरात आईला ते वाया वाटतं, पण पावसात विहिरीचं पाणी तांबूस येतं आणि तो गाळ तिथेच बसतो, गिझरमध्ये आणि शॉवरच्या जाळीत जात नाही. गाळ काढायला अगदी तळाशी वेगळा वॉशआउट कॉक ठेवलाय, गणपतीच्या आधी उघडला तेव्हा सुरुवातीला पाणी चहासारखं आलं. आउटलेटच्या कॉकनंतर लगेच एक उभा एअर पाईप टाकीच्या वरपर्यंत नेलाय, त्यामुळे टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली तरी नळ फुर्रफुर्र करत अडत नाहीत.

एक राहिलं, बैठक. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, टाकीचा तळ पूर्ण टेकायलाच हवा, नुसते चार चिरे ठेवून त्यावर बसवू नका, मध्ये तळ खचून चिरतो. आणि वाऱ्याचं म्हणाल तर रिकामी टाकी हलकी असते, २०२० च्या निसर्ग वादळात रायगडकडे काय झालं ते आठवून आम्ही ती दोराने बांधलीय आणि वादळाचा इशारा आला की आधी टाकी भरून ठेवतो.