स्ट्रॉबेरी योगर्टचा कप आणि साधं दही : आठ महिने लेबलं वाचल्यानंतर

मुलीनं साधं दही खाणं बंद केलं आणि तिच्यासाठी रोज एक स्ट्रॉबेरी योगर्टचा कप घरात यायला लागला. दह्याच्या जागी तो चालेल अशी माझी समजूत होती. महिन्याभरानं कपावरचा तक्ता नीट वाचला तेव्हा १०० ग्रॅममागे एकूण साखर १३.६ ग्रॅम दिसली. घाबरून साध्या दह्याचा डबा उलटा करून पाहिला, तर त्यावरही साखर ४.६ ग्रॅम! साध्या दह्यात साखर कुठून आली, हा प्रश्न पडला आणि तिथून मी रिकाम्या कपांची वेष्टनं धुऊन वहीत चिकटवायला सुरुवात केली. हा अनुभव त्या वहीवरूनच लिहिते आहे.

साध्या दह्यातली ती साखर दुधाचीच. दुधात लॅक्टोज असतं. विरजणातले जिवाणू त्यातला थोडासाच भाग आंबवून आम्ल करतात आणि बराच लॅक्टोज दह्यात तसाच उरतो. त्यामुळे साध्या दह्याच्या लेबलवर ४ ते ५ ग्रॅम साखर दिसली तर कुणी काही मिसळलंय असं समजू नये. घटकांच्या यादीत दूध आणि विरजण एवढंच असेल तर ती सगळी दुधाची साखर.

मग स्ट्रॉबेरीच्या कपात वरून घातलेली साखर किती? सुरुवातीचे काही आठवडे मी १३.६ मधून ४.६ सरळ वजा करत होते आणि ९ ग्रॅम लिहून ठेवत होते. हे चुकत होतं. कपातलं सगळंच काही दही नसतं. साखर, फळाचा गर, स्टार्च, पाणी यांनीही जागा घेतलेली असते, म्हणजे दुधाची साखरही त्या प्रमाणात कमी असणार. दही किती आहे ते लेबलवर क्वचितच लिहितात, पण त्याचा अंदाज देणारी एक ओळ प्रत्येक तक्त्यात असते. ती प्रथिनांची. प्रथिनं जवळजवळ सगळी दुधातूनच येतात.

त्याच कंपनीच्या साध्या दह्यात १०० ग्रॅमला ३.६ ग्रॅम प्रथिनं होती, स्ट्रॉबेरीच्या कपात २.७. म्हणजे तीन चतुर्थांश. कपातला साधारण पाऊण भाग दही, पाव भाग इतर. मग दुधाची साखर ४.६ च्या पाऊणपट, म्हणजे सुमारे ३.५ ग्रॅम. १३.६ मधून ती काढली की १०.१ ग्रॅम उरतात. यादीत स्ट्रॉबेरी ६ टक्के लिहिली होती. स्ट्रॉबेरीत स्वतःची साखर फार नसते, १०० ग्रॅमला ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे या कपात तिचा वाटा ०.३ ग्रॅम. वरून घातलेली साखर पावणेदहा ग्रॅमच्या घरात, जवळजवळ अडीच चमचे. कप नेमका १०० ग्रॅमचा होता. मोठा कप असेल तर त्या वजनानं गुणायला विसरू नका, कारण तक्ता बहुतेकदा १०० ग्रॅमचाच असतो.

काही वेष्टनांवर वरून घातलेल्या साखरेचा वेगळा रकाना असतो. तो असेल तर हा सगळा खटाटोप करायची गरजच नाही. माझी पद्धत कितपत बरोबर आहे ते मी अशाच एका कपावर ताडून पाहिलं. रकान्यात ८.५ होते, माझ्या हिशोबानं ८.९ आले. घरच्या निर्णयाला एवढं पुरेसं आहे.

ही पद्धत कुठे फसते तेही सांगायला हवं. दह्यातलं पाणी गाळून घट्ट केलेल्या प्रकारात प्रथिनं ८-१० ग्रॅमवर जातात, आणि लॅक्टोजचा काही भाग त्या पाण्याबरोबर निघून गेलेला असतो. अशा फ्लेवरच्या कपाची तुलना त्याच प्रकारच्या साध्या कपाशी करायची, पातळ दह्याशी नाही. ‘जास्त प्रथिनं’ म्हणून दुधातली प्रथिनं वेगळी मिसळलेली असतील तरी गणित बिघडतं. जिलेटिन स्वतः प्रथिन आहे, त्यामुळे ते घातलेल्या कपात दही आहे त्याहून किंचित जास्त वाटतं. आणि ‘साखर घातलेली नाही’ अशा एका कपाच्या यादीत मला द्राक्षाच्या रसाचा अर्क सापडला. फळाचा रस आटवून काढलेला गोडवा साखरेसारखाच मोजायचा. जागतिक आरोग्य संघटनाही तो मोकळ्या साखरेतच धरते.

आता जिवंत विरजणाकडे येते. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

यादीत जिवाणूंची नावं दिसली म्हणजे ते कपात जिवंत आहेत असं होत नाही. योगर्ट दोन जिवाणूंनी लागतं, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकानुसार योगर्टमध्ये मुदत संपेपर्यंत हे विरजणाचे जिवाणू दर ग्रॅमला किमान १ कोटी असायला हवेत. पण दही लागल्यानंतर ते पुन्हा तापवलं असेल तर ही अट लागू होत नाही, कारण मग जिवाणू मेलेलेच असतात. तेव्हा शोधायची ती ओळ ‘किण्वनानंतर उष्णता दिलेले’ किंवा तशा अर्थाची. ‘पाश्चराइज्ड दूध’ हे शब्द वेगळे. त्यांचा अर्थ विरजण लावण्याआधी दूध तापवलं, आणि ते तर करायलाच हवं. मी स्वतः या दोन्हींत गोंधळले होते आणि एक चांगला कप उगाच बाजूला सारला होता. दुकानात फ्रीजबाहेर मांडलेला आणि कित्येक महिन्यांची मुदत असलेला कप दिसला तर तो बहुधा तापवलेलाच असतो. जिवंत दही बाहेर ठेवलं तर आंबत जाणारच.

लेबलवर काहीच स्पष्ट नसेल तेव्हा मी विरजण लावून पाहते. चार लहान काचेच्या बरण्या उकळत्या पाण्यातून काढायच्या. उकळलेलं दूध ४२ अंशांपर्यंत निववायचं, म्हणजे बोटाला चांगलं कोमट लागेल इतकं, आणि प्रत्येक बरणीत २०० मिलिलिटर घालायचं. पहिलीत एक चमचा साधं दही, दुसरीत एक चमचा स्ट्रॉबेरीचा कप, तिसरीत संशय असलेला कप. चौथीत काहीच नाही. चारही बरण्या एकाच उबदार जागी ठेवायच्या.

पहिल्या खेपेला चारपैकी तीन बरण्या लागल्या, संशयाचीसुद्धा, आणि मी खूश झाले. मग लक्षात आलं की तिन्ही कपांना मी एकच चमचा वापरला होता. साध्या दह्याचं बोट लागलेला चमचा म्हणजे विरजणच की! दुसऱ्या खेपेला प्रत्येकाला वेगळा चमचा घेतला. साधं दही सात तासांत चाकूनं कापावं असं लागलं. स्ट्रॉबेरीचं तेव्हा सैलच होतं, दहा तासांनी मऊ लागलं आणि स्पष्ट आंबट झालं. संशयाच्या बरणीत फिकट गुलाबी दूध होतं तसंच होतं. चौथीही दूधच राहिली, म्हणून बाकीच्यांवर विश्वास ठेवता आला. चौथी बरणी फाटली किंवा आंबली तर तो दिवस वाया गेला असं समजायचं, बाहेरचे जिवाणू आत शिरलेत.

नुसता घट्टपणा बघून निकाल देऊ नये. कपातलं स्टार्च दुधात उतरून किंचित दाटपणा येऊ शकतो. आंबट वास आणि चव आली, आणि बरणी तिरकी केल्यावर दही एकसंध सरकलं, तरच लागलं म्हणायचं. यातून आंबवणारे जिवाणू जिवंत आहेत एवढंच कळतं. ते ग्रॅमला किती आहेत, किंवा वेष्टनावर लिहिलेला खास प्रोबायोटिक प्रकार त्यात आहे का, हे बरणी सांगत नाही. साध्या घरच्या दह्यालाही हे तितकंच लागू आहे. ते जिवंत असतं हे नक्की, पण त्यात नेमके कोणते जिवाणू आहेत ते विरजणागणिक बदलतं.

स्टॅबिलायझरबद्दल मी आधी फार कठोर होते, आता नाही. साधं दही डब्यातच लागतं. फळाचं योगर्ट बहुतेकदा मोठ्या टाकीत लावून, घुसळून, गर मिसळून मग कपात भरतात. घुसळल्यावर दह्याची जाळी मोडते आणि पाणी सुटतं. ते धरून ठेवायला पेक्टिन म्हणजे घटकांच्या यादीतला क्रमांक ४४०, ग्वार गम म्हणजे ४१२, किंवा १४४२ आणि १४२२ हे सुधारित स्टार्च घालतात. पेक्टिन तर फळांतूनच काढतात. शाकाहारी असाल तर जिलेटिन किंवा ४२८ मात्र जरूर शोधा, ते प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून बनतं. जिलेटिनचं योगर्ट फ्रीजमधून काढल्यावर थरथरतं आणि जिभेवर ठेवताच विरघळतं, स्टार्चचं जिभेवर खिरीसारखं रेंगाळतं. आता मला हा फरक डोळे मिटून कळतो.

माझा आक्षेप वेगळाच आहे. घट्टपणा बघून ‘यात दही भरपूर’ असं आपण समजतो, आणि स्टार्च नेमका तोच समज निर्माण करतं. माझ्या वहीतल्या सर्वांत घट्ट कपात प्रथिनं २.१ ग्रॅम होती. साध्या दह्यावर पाणी सुटलेलं दिसलं तर मात्र ते खराब नाही. ते निवळ पाणी परत ढवळून घ्यायचं.

आता घरात असं चालतं. दोन भाग साधं दही, एक भाग स्ट्रॉबेरी योगर्ट. एकूण साखर १०० ग्रॅमला ७.६ वर येते आणि वरून घातलेली सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चमचाभरापेक्षा कमी. मुलीला पहिले चार दिवस आंबट लागलं, मग सवय झाली. पुन्हा फळ कुस्करून घालायचं असेल तर खातानाच घालते. सकाळी कालवून ठेवलेल्या वाटीला दुपारपर्यंत पाणी सुटतं, कारण कपातलं स्टार्च तिप्पट दह्याला पुरत नाही.